पाककृतींच्या छोट्या अ‍ॅपमध्ये शिफारशी कशा द्याव्यात: मशीन लर्निंगच्या आधीचे साधे नियम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कुठल्या अ‍ॅपबद्दल बोलतोय?

मराठी पाककृतींचं एक छोटं अ‍ॅप डोळ्यांसमोर ठेवा. त्यात 600 पाककृती आहेत, आठवड्याला तीनेकशे लोक ते उघडतात, आणि सांभाळणारी माणसं दोन-तीन. पाककृती जतन करायची सोय आहे, पण तारांकन किंवा प्रतिक्रिया नाहीत. पहिल्या पडद्यावर दहा पदार्थ दाखवायचे आणि प्रत्येक पाककृतीखाली 'यासारख्या पाककृती' म्हणून चार दाखवायच्या, एवढंच काम आहे. खाली येणारे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत. तुमच्या अ‍ॅपचे आकडे घालून तोच हिशोब करून पाहा.

सुरुवातीलाच मशीन लर्निंग का वापरू नये? तयार लायब्ररी तर फुकट मिळतात.

लायब्ररी मिळतात, पण शिकायला लागणारी माहिती तुमच्याकडे नसते. 600 पाककृतींच्या जोड्या होतात 1,79,700. आठवड्याला 300 जणांनी प्रत्येकी तीन पाककृती जतन केल्या, तर एका माणसाकडून तीन जोड्या मिळतात, म्हणजे आठवड्याला 900. वर्षभर असंच चाललं तरी पन्नास हजारांच्या आत, आणि त्यातल्या बहुतेक पुरणपोळी, मिसळ, पावभाजी असल्या मोजक्या पदार्थांभोवतीच फिरणाऱ्या. उरलेला तक्ता रिकामा असतो. रिकाम्या तक्त्यावर शिकवलेलं मॉडेल शेवटी 'जे लोकप्रिय आहे ते सगळ्यांना दाखवा' एवढंच शिकतं, आणि ते तर एका ओळीच्या क्वेरीतही होतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी मॉडेलला माहीत नसतात. एकादशीला पोहे चालत नाहीत आणि अनारसे दिवाळीच्या आदल्या दिवशी सुरू करून होत नाहीत, हे घरातल्या कोणालाही विचारलं तर कळतं. तेच आकड्यांतून उमगायला मॉडेलला कित्येक एकादश्या आणि कित्येक दिवाळ्या पाहाव्या लागतील.

गूगलमधल्या अभियंत्यांसाठी मार्टिन झिंकेविच यांनी मशीन लर्निंगचे नियम लिहिले आहेत. त्यातला पहिलाच नियम सांगतो की मशीन लर्निंगशिवाय उत्पादन बाजारात आणायला घाबरू नका. ज्यांच्याकडे माहितीचा सागर आहे त्या कंपनीतला हा सल्ला आहे.

मग सुरुवातीला नेमकं काय बांधायचं?

रोज रात्री चालणारी एक जॉब आणि चार पायऱ्या. आधी गाळणी: या माणसाला जे दाखवायचंच नाही ते काढून टाका. मग उमेदवार गोळा करा: सणाचे, लोकप्रिय, नवीन आणि त्याने आधी जतन केलेल्यांशी मिळतेजुळते. तिसऱ्या पायरीत त्यांना गुण देऊन क्रम लावा. चौथ्या पायरीत त्या क्रमातून दहा पदार्थांची नीट मांडणी करा, म्हणजे एकाच प्रकारचे पदार्थ ओळीने येणार नाहीत.

या पायऱ्या वेगवेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा. 'मला हा पदार्थ का दिसला?' किंवा 'का दिसला नाही?' असं कोणी विचारलं, तर कुठल्या पायरीवर काय झालं हे पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे.

गाळणी आणि गुण वेगळे कशाला? नको त्या पदार्थाला उणे गुण दिले तर भागत नाही का?

भागत नाही. उणे गुण म्हणजे 'सहसा नको'. दुसरीकडचे गुण पुरेसे वाढले की तो पदार्थ पुन्हा वर येतो. शाकाहारी म्हणून नोंद केलेल्या माणसाला कोंबडी रस्सा दिसला, तर तो त्या आठवड्यात सगळ्यात लोकप्रिय होता हे कारण त्याला सांगून उपयोग नाही. अशी चूक एकदा झाली की तो माणूस अ‍ॅपच काढून टाकतो.

म्हणून 'कधीच नाही' आणि 'थोडं कमी' यांची सरमिसळ करू नका. शाकाहार, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, उपवास या गाळणीतल्या गोष्टी. 'वेळ फार लागतो', 'कालच पाहिला' या गुणांतल्या.

गाळणीतली निवड वापरणाऱ्याला थेट विचारून घ्या. शाकाहारी, अंडं चालतं, मांसाहारी: पहिल्यांदा अ‍ॅप उघडल्यावर एकच प्रश्न, आणि सेटिंगमध्ये तो बदलायची सोय. आडनाव, गाव किंवा पाहिलेले पदार्थ यांवरून अंदाज बांधू नका. श्रावण लागला म्हणून सगळ्यांच्या पडद्यावरून मासे काढून टाकणं हाही अंदाजच झाला. वसईतल्या किंवा गोव्यातल्या कित्येक मराठी वाचणाऱ्या घरांत श्रावण पाळला जात नाही.

'यासारख्या पाककृती' कशा काढायच्या?

टॅग जुळवून. पण नुसते मोजून नाही, प्रत्येक टॅगला वजन देऊन. एक उदाहरण पूर्ण करून पाहू.

वाचणाऱ्यासमोर साबुदाण्याची खिचडी आहे. तिचे टॅग: शाकाहारी, नाश्ता, उपवास, साबुदाणा, शेंगदाणे. उमेदवार तीन: साबुदाणा वडा, भगर आणि दाण्याची आमटी, कांदे पोहे.

नुसते समान टॅग मोजले तर वड्याचे पाच जुळतात. भगर-आमटीचे तीन (शाकाहारी, उपवास, शेंगदाणे). कांदे पोह्यांचेही तीन (शाकाहारी, नाश्ता, शेंगदाणे). भगर आणि पोहे बरोबरीत सुटले, आणि हे चूक आहे हे कोणालाही दिसेल.

चुकीचं मूळ असं की सगळे टॅग सारखे बोलके नाहीत. 600 पैकी 480 पाककृती शाकाहारी असतील, तर दोन पदार्थ शाकाहारी आहेत यातून फारसं काही कळत नाही. दोन्हींत साबुदाणा आहे यातून खूप कळतं, कारण साबुदाण्याच्या पाककृती आठच आहेत. म्हणून टॅग जितका दुर्मीळ तितकं त्याचं वजन जास्त. हे सूत्र शोधयंत्रांमध्ये कित्येक दशकं वापरात आहे:

```
weight(tag) = ln(N / n)
N = एकूण पाककृती, n = तो टॅग असलेल्या पाककृती
```

समजा शाकाहारी 480, नाश्ता 90, शेंगदाणे 60, उपवास 40 आणि साबुदाणा 8 पाककृतींना लावलेला आहे. मग वजनं अनुक्रमे 0.22, 1.90, 2.30, 2.71 आणि 4.32 येतात. वड्याची बेरीज 11.45, भगर-आमटीची 5.23 आणि कांदे पोह्यांची 4.42. बरोबरी सुटली आणि क्रम मनाजोगता लागला.

तरी एक अडचण उरते. चार जागा भरायच्या असतील तर पोहे चौथ्या जागी येऊ शकतात. इथे गुण वाढवत-कमी करत बसू नका. समोरची पाककृती उपवासाची असेल तर खाली फक्त उपवासाच्याच दाखवा, असा गाळणीचा नियम लावा. उलट दिशेने मात्र तो लावू नका: कांदे पोह्यांखाली साबुदाणा खिचडी आली तर काही बिघडत नाही.

600 पाककृतींसाठी हा सगळा हिशोब रात्री एकदा करून प्रत्येकीच्या वरच्या वीस जुळण्या एका तक्त्यात साठवा. साध्या सर्व्हरवरही काम पटकन होतं, आणि दिवसभर फक्त तक्ता वाचायचा.

टॅग कोणी लावायचे आणि कसे?

एका माणसाने, ठरलेल्या यादीतून. शिफारशींचा दर्जा सगळ्यात जास्त इथेच ठरतो, आणि नेमकं याच कामाला कंटाळून लोक मशीन लर्निंगकडे धावतात.

यादी ठरलेली नसेल तर एक जण 'भगर' लिहितो, दुसरा 'वरी', तिसरा 'वरई'. वस्तू एकच, पण अ‍ॅपच्या दृष्टीने तीन टॅग, आणि तिन्ही दुर्मीळ म्हणून तिघांनाही भलतंच वजन. 'दाणे' आणि 'शेंगदाणे' यांचंही तेच. म्हणून प्रत्येक टॅगला एक क्रमांक द्या, त्याखाली सगळी नावं ठेवा, आणि जुळणी कायम क्रमांकावरच करा.

देवनागरीत आणखी एक छुपी अडचण आहे. 'नेवऱ्या' किंवा 'भाकऱ्या' यांतलं अर्धं र दोन प्रकारे टाइप होतं. काही कीबोर्ड `U+0931 U+094D` पाठवतात, काही `U+0930 U+094D U+200D`. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण तुलना केली की जुळत नाहीत. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण करूनही हा फरक जात नाही. ही बदली स्वतःच लिहावी लागते. लक्षण ओळखायला सोपं: टॅगांच्या यादीत एकच शब्द दोनदा दिसतो आणि दोन्हींच्या पाककृती वेगळ्या निघतात.

टॅग किती खोल लावायचे, हा प्रश्न उपवासात सगळ्यात जास्त सतावतो. काही घरांत उपवासाला जिरं आणि कोथिंबीर चालते, काहींत चालत नाही. 'उपवास' असा एकच टॅग ठेवला तर कोणाचं तरी चुकणार. मुख्य जिन्नस वेगळे टॅग म्हणून नोंदवले, तर 'आमच्याकडे उपवासाला जिरं चालत नाही' ही निवड सेटिंगमध्ये देता येते आणि गाळणी आपोआप बरोबर होते.

सणवार कसे सांभाळायचे? मागच्या वर्षी याच तारखेला जे चाललं ते यंदा दाखवलं तर?

मकर संक्रांतीपुरतं चालेल, कारण ती 14 किंवा 15 जानेवारीलाच येते. बाकीचे बहुतेक सण चांद्र पंचांगावर चालतात, तिथे हा नियम उघडा पडतो. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक महिना आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला जाते. 'मागच्या वर्षी याच तारखेला' हा नियम 18 दिवस आधीच मोदक दाखवायला लागेल, आणि खरी चतुर्थी येईपर्यंत ते पडद्यावरून उतरलेलेही असतील. दरवर्षी शिकणारं मॉडेलही असंच फसतं, जर त्याला पंचांग कोणी दिलं नसेल.

म्हणून पंचांगातल्या तारखांचा एक छोटा तक्ता वर्षातून एकदा हाताने भरा. सगळ्या एकादश्या, संकष्टी, गणपती, नवरात्र, दिवाळी, ईद, नाताळ धरले तरी सत्तरेक ओळी होतात. एका दुपारचं काम.

या तक्त्यात सणाची तारीख पुरेशी नाही. पदार्थ किती दिवस आधी दाखवायचा हेही हवं, आणि ते सणावर ठरत नाही, पदार्थावर ठरतं. साबुदाणा आदल्या रात्री भिजवावा लागतो, त्यामुळे एकादशीच्या सकाळी खिचडी दाखवली तर उशीर झालेला असतो. दशमीच्या दुपारीच ती दिसली पाहिजे. भाजणीच्या चकलीला आधी भाजणी करायची असते. अनारशांचे तांदूळ साधारण तीन दिवस भिजतात, मग गूळ घालून पीठ आणखी काही दिवस मुरतं. त्यांना किमान दहा दिवस आधी जागा द्या. शंकरपाळी तीन-चार दिवस आधी आली तरी चालते.

```sql
SELECT r.id, e.boost
FROM events e
JOIN recipe_tags t ON t.tag_id = e.tag_id
JOIN recipes r ON r.id = t.recipe_id
WHERE CURRENT_DATE BETWEEN e.day - r.lead_days
                       AND e.day + e.tail_days;
```

किती दिवस आधी दाखवायचं ते `lead_days` पाककृतीच्या तक्त्यात आहे आणि सणानंतर किती दिवस दाखवत राहायचं ते `tail_days`, म्हणजे शेपूट, सणाच्या, हे लक्षात घ्या. दिवाळी संपली की फराळ लगेच उतरतो, म्हणून तिथे शेपूट शून्य किंवा एक. गणपतीत मोदकांची मागणी पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असते, पण घरोघरी गणपती दीड, पाच, सात, दहा दिवस असतात, म्हणून तिथे शेपूट लांब ठेवा आणि रोज गुण थोडे उतरवा.

वापरणारे परदेशात असतील तर तारीख फोनच्या वेळेवरून घ्या. तिथल्या सूर्योदयानुसार तिथी बदलते, त्यामुळे अमेरिकेतली एकादशी कधीकधी भारताच्या आदल्या दिवशी येते. अशा वाचकांसाठी तारखांचा वेगळा स्तंभ ठेवावा लागतो.

लोकप्रियता कशी मोजायची?

किती जणांनी उघडलं यावरून नाही. उघडणं ही बऱ्याचदा फोटोची करामत असते. पाककृतीच्या अ‍ॅपमध्ये खऱ्या उपयोगाच्या खुणा वेगळ्या असतात: जतन करणं, शेवटच्या कृतीपर्यंत जाणं, आणि काही दिवसांनी तीच पाककृती पुन्हा उघडणं. पुन्हा उघडणं मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं, कारण पदार्थ फसला असेल तर कोणी सहसा तिकडे परतत नाही.

जतन करण्याचं प्रमाण काढताना एक खड्डा आहे. नवी पाककृती दहा जणांनी पाहिली आणि तिघांनी जतन केली: प्रमाण 30 टक्के. जुनी 1500 जणांनी पाहिली आणि 120 जणांनी जतन केली: 8 टक्के. नुसत्या टक्क्यांवर क्रम लावला तर यादीचा वरचा भाग कायम अशा दहा-बारा जणांनी पाहिलेल्या पाककृतींनी भरलेला राहतो. त्यातले तीन जण लेखिकेच्या घरचेही असू शकतात.

उपाय असा की प्रत्येक पाककृतीला आधी अ‍ॅपच्या सरासरीचं थोडं भांडवल द्यायचं. अ‍ॅपची सरासरी 4 टक्के असेल, तर प्रत्येकीला 200 काल्पनिक वाचक आणि त्यांतले 8 जतन करणारे आधीच जमा करा:

```
score = (saves + 8) / (views + 200)
```

नवीचे गुण 11/210, म्हणजे 5.2 टक्के. जुनीचे 128/1700, म्हणजे 7.5 टक्के. नवी सरासरीच्या वर आहे, तिला संधी मिळेल, पण शंभर जणांनी सिद्ध केलेल्या पदार्थाला ती उगाच मागे टाकत नाही. 200 हा आकडा दगडावरची रेघ नाही. तो वाढवला की नव्या पाककृतींना वर यायला वेळ लागतो, कमी केला की यादी रोज उड्या मारते. आठवडाभर यादी पाहून ठरवा.

आणि जुनं झालेलं कसं खाली आणायचं?

बातम्यांच्या साइटवरची सूत्रं इथे उचलू नका. हॅकर न्यूजच्या जाहीर झालेल्या सूत्रात गुणांना वयाच्या 1.8 घाताने भागतात, म्हणून तिथली गोष्ट एका दिवसात खाली जाते. पिठलं एका दिवसात शिळं होत नाही. पाककृतीचं वय मोजायची गरजच नसते. मोजायचं ते तिच्याकडच्या ओढीचं वय.

रोज रात्री जुने गुण 0.906 ने गुणा आणि आजचे मिळवा. सात दिवसांत जुन्याचं वजन निम्मं होतं. प्रत्येक पाककृतीसाठी एकच आकडा साठवायचा, जुनी नोंद पुन्हा वाचायची गरज नाही. रात्रीची जॉब चुकून दोनदा चालली तर मात्र गुण दोनदा घटतात, म्हणून शेवटचं कधी चालली ती तारीख शेजारी ठेवा.

पहिल्या पडद्यावर तेच ते पदार्थ दिसतात. काय करावं?

याची कारणं तीन, आणि तिघांवर इलाज वेगळे.

पहिलं कारण म्हणजे एकाच प्रकारचे पदार्थ एकत्र वर येतात: संकष्टीच्या आधी दहाच्या दहा जागा साबुदाण्याच्या. मांडणीच्या पायरीत एका मुख्य प्रकाराचे दोनच पदार्थ घ्या:

```python
def pick(items, k=10, cap=2):
    out, seen = [], {}
    for it in items:              # गुणांच्या उतरत्या क्रमाने
        n = seen.get(it.main, 0)
        if n < cap:
            out.append(it)
            seen[it.main] = n + 1
        if len(out) == k:
            break
    return out
```

दुसरं कारण म्हणजे एकच माणूस तेच पाहून कंटाळलेला असतो. एखादा पदार्थ पाच वेळा दाखवूनही उघडला नसेल तर दोन आठवडे त्याच्यापुरता बाजूला ठेवा. 'दाखवला' म्हणजे खरोखर पडद्यावर आला. यादीत होता पण माणूस तिथवर सरकलाच नाही, तो धरू नका.

तिसरं कारण सगळ्यात चिवट. वर दिसतं म्हणून उघडलं जातं, उघडलं जातं म्हणून वर दिसतं. पुरणपोळी एकदा पहिल्या जागी बसली की ती तिथून हलत नाही, आणि तिच्याइतकीच चांगली असलेली एखादी नवी पाककृती कोणाला दिसतच नाही. यावर गुणांचा कुठलाही हिशोब पुरत नाही. दहापैकी एक जागा नव्यांसाठी राखून ठेवा, आणि ती यादीच्या तळाशी नको, तिसऱ्या किंवा चौथ्या जागी हवी. प्रत्येक नव्या पाककृतीला 200 वेळा पडद्यावर येऊ द्या, मग तिला इतरांसारखं स्पर्धेत सोडा. कमी गर्दीच्या अ‍ॅपमध्ये एका राखीव जागेतून आठवड्याला फार तर चार-पाच नव्या पाककृती निघतात. तुम्ही आठवड्याला आठ-दहा टाकत असाल तर राखीव जागा दोन करा.

अगदी नव्या माणसाला काय दाखवायचं?

शाकाहार-मांसाहाराची निवड, दिवसाची वेळ आणि पंचांग, एवढं पुरतं. सकाळी नाश्ता वर, संध्याकाळी चारनंतर रात्रीच्या जेवणाच्या भाज्या वर. आवडीनिवडींचे आठ प्रश्न विचारू नका; माणूस काहीतरी शिजवायला आलेला असतो.

प्रत्येकासाठी वेगळी यादी कितपत करावी?

थोडीच. शेवटच्या पाच जतन केलेल्या पाककृती घ्या, त्यांच्या तयार जुळण्यांच्या तक्त्यातून उमेदवार काढा आणि दहापैकी तीन जागा त्यांना द्या. त्याहून जास्त दिल्या, तर एकदा केक जतन करणाऱ्याला महिनाभर केकच दिसत राहतात. त्या जागांवर 'तुम्ही थालीपीठ जतन केलंत म्हणून' असं लिहा. नियमांचा हा मोठा फायदा आहे की कारण खरं असतं आणि एका वाक्यात सांगता येतं.

'हे जतन करणाऱ्यांनी हेही जतन केलं' हे केव्हा आणावं?

ही मोजणीच आहे, मॉडेल नाही. अ‍ॅमेझॉनच्या लोकांनी वस्तूंच्या जोड्यांवरची त्यांची पद्धत 2003 मध्ये लेखातून मांडली होती. पण ती दुसऱ्या वर्षी आणा. कमीत कमी पाच सामाईक माणसं नसलेली जोडी धरू नका, आणि नुसती सामाईक संख्या तर कधीच वापरू नका. समजा थालीपीठ 90 जणांनी जतन केलं आहे. त्यातल्या 30 जणांकडे पुरणपोळीही आहे, 24 जणांकडे थालीपिठाची भाजणीही. नुसत्या संख्येवर पुरणपोळी जिंकते. पण पुरणपोळी एकूण 400 जणांनी जतन केली आहे, भाजणी 60 जणांनीच. सामाईक संख्येला दोन्हींच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागा: पुरणपोळीचे 0.16, भाजणीचे 0.33. थालीपीठ करणाऱ्याला भाजणीच हवी असते.

टॅगांच्या जुळणीला ही मोजणी पूरक म्हणून ठेवा. जिथे पाच माणसं मिळत नाहीत तिथे टॅग, जिथे मिळतात तिथे दोन्ही.

नियम चालतायत हे कसं कळणार? ए/बी चाचणी घ्यावी का?

छोट्या अ‍ॅपला ती, म्हणजे वापरणाऱ्यांचे दोन गट करून त्यांना वेगवेगळ्या नियमांच्या याद्या दाखवून तुलना करणं, बहुधा परवडत नाही. शिफारशीतून जतन करणाऱ्यांचं प्रमाण 10 टक्क्यांवरून 11 वर गेलं की नाही हे खात्रीने सांगायला प्रत्येक गटात साधारण 15 हजार माणसं लागतात. आठवड्याला 300 माणसांत ते शक्य नाही. 10 वरून 15 वर जाणारा फरक मात्र प्रत्येकी सातशे माणसांत दिसतो. म्हणजे मोठे बदल तपासा, वजनांतला 0.1 चा फरक तपासत बसू नका.

त्याऐवजी दोन गोष्टी करा. पहिली, दर सोमवारी वेगवेगळ्या प्रकारच्या पाच काल्पनिक माणसांच्या याद्या काढून वाचा: नवा शाकाहारी, उपवास करणारी, मासे आवडणारा, परदेशातली, आणि बऱ्याच दिवसांनी परतलेला. एकादशीच्या आदल्या दिवशी आणि सणाच्या दहा दिवस आधी तर नक्कीच वाचा. यादीतली चूक डोळ्यांना लगेच दिसते, सरासरीत ती बुडून जाते.

दुसरी, 600 पैकी किती पाककृती गेल्या महिन्यात कोणाला ना कोणाला दिसल्या ते मोजा. हा आकडा 100 च्या आसपास अडकला असेल तर वरचं चक्र फिरायला लागलं आहे, मग जतन होण्याचं प्रमाण कितीही छान दिसो.

जतन होण्याचे आकडे जागेनुसार वेगळे पाहा. पहिली जागा नेहमीच जास्त उघडली जाते, तिथे काहीही ठेवलं तरी. दोन नियमांची तुलना करायची असेल तर त्यांनी निवडलेले पदार्थ एकाच जागेवर आलटून-पालटून ठेवा.

काय काय नोंदवून ठेवायचं?

प्रत्येक वेळी काय दाखवलं, कितव्या जागी, कुठल्या नियमाने आणि त्या नियमाच्या कितव्या आवृत्तीने. फक्त काय उघडलं एवढंच बरीच अ‍ॅप्स नोंदवतात आणि पुढे अडकतात, कारण न उघडलेलं दिसलंच नव्हतं की दिसूनही आवडलं नाही हे मग कळत नाही. पुढे मॉडेल शिकवायचं झालं तर त्याला लागणारी माहिती नेमकी हीच.

नाव आणि फोन नंबर या तक्त्यात नको. उपवास, मधुमेहाचा आहार, हलाल या निवडींवरून माणसाचा धर्म आणि तब्येत कळते. त्या फोनवरच ठेवता आल्या तर गाळणीही फोनवरच चालवा. मुलांसाठी डब्याचा वेगळा विभाग काढणार असाल तर भारताचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आधी वाचा. त्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनाचा माग काढायला मनाई आहे. त्या विभागात फक्त पंचांग, वेळ आणि लोकप्रियता वापरा.

मग मशीन लर्निंगकडे केव्हा वळायचं?

नियम एकमेकांशी भांडायला लागले की. सणाचे गुण वाढवले म्हणून नवे पदार्थ दबतात, नव्यांचे वाढवले म्हणून माणसाच्या आवडीचे दबतात, आणि दर आठवड्याला कोणीतरी आकडे हलवत बसतं. झिंकेविच यांच्या त्याच यादीत हेही सांगितलं आहे की नियमांचं जंजाळ गुंतागुंतीचं झालं की त्यापेक्षा मशीन लर्निंग बरं. पण तोपर्यंत वरच्या नोंदी वर्षभर जमलेल्या हव्यात आणि एक पूर्ण दिवाळी त्यात आलेली हवी.

तेव्हाही बदलायची ती फक्त तिसरी पायरी. हाताने ठरवलेली वजनं काढून तिथे नोंदींवरून वजनं स्वतः शिकणारं एक साधं लॉजिस्टिक रिग्रेशन ठेवा, आणि त्याला टॅगांची जुळणी, सात दिवसांची ओढ, सणाला उरलेले दिवस हेच आकडे द्या. गाळणी, राखीव जागा आणि 'एका प्रकाराचे दोनच' हे नियम मॉडेलच्या पुढे-मागे जसेच्या तसे राहू द्या.